तीन मिनिटांचा ग्लास

ठिबकच्या तपासणीवरच्या आमच्या फिल्मची कच्ची जोडणी झाल्यावर ती दाखवायला आम्ही काही शेतकऱ्यांना एका खोलीत जमवलं होतं. पडद्यावर ठिबकची काळी नळी, तिच्याखाली काचेचा ग्लास, त्यात पडणारा एक थेंब, मग दुसरा, आणि पुढच्याच क्षणी तोच ग्लास लाल खुणेपर्यंत भरलेला. फिल्म संपली, माना डोलल्या, दोघातिघांनी चांगली झालीय म्हणून सांगितलं. मग मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका बाईंनी विचारलं, "ग्लास भरला ते दिसलं. पण भरायला वेळ किती लागला, ते कुठं दाखवलंय?" आमचा संकलक म्हणाला, "ताई, खाली लिहून येतंय की, तीन मिनिटं." त्या म्हणाल्या, "आलं असेल. मी ग्लासाकडं बघत होते."

त्यांचं म्हणणं तिथंच संपलं, पण माझ्या डोक्यातून ते जाईना. तीन मिनिटं कापली गेली होती ती संकलनाच्या टेबलावर, आणि त्यात संकलकाचं काही चुकलं असं म्हणता येत नाही. थेंबाथेंबाने भरणारा ग्लास तीन मिनिटं कोण बघत बसेल? मोबाइलवर तर माणूस तीन सेकंदांत बोटाने पुढे सरकतो. पण अडचण अशी की त्या दृश्यात दाखवण्यासारखी गोष्ट तेवढीच होती. कुठल्याही ड्रिपरखाली, म्हणजे नळीवरच्या थेंब सोडणाऱ्या तोटीखाली, ठेवलेला ग्लास कधी ना कधी भरतोच. अर्धा तुंबलेला ड्रिपरही भरतो. तो किती वेळात भरला यावरच सगळी तपासणी उभी आहे, आणि नेमका तो वेळच पडद्यावरून गायब झाला होता.

ठिबकवरच्या बहुतेक फिल्म ज्याच्याकडे अजून ठिबक नाही त्याच्यासाठी असतात. पाणी वाचतं, मजूर वाचतो, तण कमी येतं, हे सांगत त्या चालतात. मला लिहायची होती ती पुढच्या माणसाची फिल्म. त्याने ठिबक बसवलंय, दोन-तीन हंगाम झालेत, मोटर सुरू केली की नळ्या फुगतात, जवळच्या झाडाखाली ओल दिसते, म्हणजे सगळं ठीक असं तो धरून चालतो. पहिल्या झाडाला जेवढं पाणी पडतं तेवढंच शेवटच्या ओळीतल्या शेवटच्या झाडाला पडतंय का, एवढा एकच प्रश्न या फिल्मने विचारायचा, आणि उत्तर त्याच्याच रानात, त्याच्याच हाताने काढून दाखवायचं, असं ठरलं होतं.

हा प्रश्न पाटपाण्याच्या काळात पडत नव्हता. लहानपणी रात्रीचं दारं धरायला मी मोठ्यांच्या मागे जात असे. हातात विजेरी, पायाखाली गार चिखल, आणि अंधारात पाणी कुठवर आलंय ते कानांनी कळायचं. कोरड्या मातीत पाणी शिरताना बारीक चुरचुर होते, भेगेत उतरताना गुळगुळ असा वेगळा आवाज येतो, आणि बांध फुटला की तो दूरवरूनही ओळखू येतो. सरीच्या टोकाला पाणी पोचलं की फावड्याचे दोन घाव घालून दारं मोडायचं आणि पुढच्या सरीत पाणी घ्यायचं. पाणी भरमसाट जायचं, झोपेचं खोबरं व्हायचं, पण कुठली सरी तहानलेली राहिली हे डोळ्यांना दिसायचं. ठिबक आल्यावर पाणी नळीत गेलं आणि गप्प झालं. आता माणूस घरून मोटर सुरू करतो आणि नळी आपलं काम करत असेल असं समजून दुसऱ्या कामाला लागतो. ती सोय मला हवीच आहे, रात्रीच्या त्या चिखलात मला परत जायचं नाही. तरी पाण्याचा माग काढायची एक सवय त्या सोयीबरोबर गेली, याची रुखरुख आहे.

ग्लास हा तो माग काढायचा सगळ्यात साधा मार्ग वाटला.

हिशेब असा. ड्रिपर तासाला ४ लिटरचा असेल तर तासाला ४,००० मिली पाणी पडायला हवं. तासात तीन-तीन मिनिटांचे वीस तुकडे पडतात. म्हणजे तीन मिनिटांत २०० मिली, साधारण एक ग्लास. ड्रिपर २ लिटरचा असेल तर तोच ग्लास भरायला सहा मिनिटं. माझ्या पहिल्या खर्ड्यात हे सगळं पडद्यावर आकडेमोड करून दाखवलं होतं, भागाकारासकट. ते मी काढून टाकलं आणि निवेदकाच्या तोंडी एवढंच ठेवलं: "चार लिटरचा ड्रिपर तासाला वीस ग्लास देतो. मग एक ग्लास तीन मिनिटांत भरायलाच पाहिजे." ऐकणाऱ्याला भागाकार लागत नाही, त्याला वीस ग्लास डोळ्यांसमोर येतात.

त्या ताईंच्या प्रश्नानंतर आम्ही ते दृश्य पुन्हा चित्रित करायला गेलो, आणि या वेळी ठरवून गेलो की पहिला ग्लास न कापता दाखवायचा. पूर्ण तीन मिनिटं. संकलक नाराज होता. पटकथेत ते पान आता असं आहे:

दृश्य : नळी, ड्रिपर, खाली खड्ड्यात ग्लास. ग्लासाच्या शेजारी मोठ्या काट्यांचं घड्याळ. शेतकऱ्याचा हात ग्लास सरकवतो.
आवाज : घड्याळ बघा. काटा बारावर आला की ग्लास लावतोय.
दृश्य : तेच. कॅमेरा हलत नाही.
आवाज : ग्लास भरेपर्यंत एक काम करू. नळीवर किंवा खरेदीच्या कागदावर ड्रिपर किती लिटरचा ते लिहिलेलं असतं, ते बघून घ्या.
दृश्य : तेच. बोलणं नाही. फक्त थेंबांचा आवाज.

या शेवटच्या ओळीसाठी सगळ्यात जास्त वाद झाला. पडद्यावर कुणी बोलत नाही म्हणजे काहीतरी बिघडलं असं फिल्म बनवणाऱ्यांना वाटतं. पण बघणारा त्या वेळात ग्लासातली पातळी आणि काटा यांच्यात नजर फिरवत राहतो, आणि स्वतःच्या रानात हेच करताना त्याला नेमकी हीच नजर लागणार असते. पहिला ग्लास असा पूर्ण दाखवला की पुढचे पंधरा ग्लास खुशाल कापावेत. वेळ किती असतो याचा अंदाज बघणाऱ्याला एकदा आलेला असतो.

रानात चित्रीकरण करताना कागदावर न सुचलेल्या गोष्टी समोर येतात, आणि ठिबकच्या बाबतीत त्या बऱ्याच आल्या. पहिली म्हणजे थेंब दिसतच नाही. भर दुपारच्या उन्हात काळी नळी, तपकिरी माती आणि पारदर्शक पाणी यांचा एकच रंग होतो. सकाळी लवकर, सूर्य समोरच्या अंगाला असताना, मागे काळं कापड धरलं की तोच थेंब लख्ख चमकतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची निघाली. ड्रिपरमधून निघालेलं पाणी सरळ खाली पडत नाही. ते नळीच्या पोटाला चिकटून वीतभर पुढे घसरत जातं आणि ग्लासाच्या बाहेर पडतं. चित्रीकरणात ग्लास अर्धाच भरला तेव्हा ड्रिपर तुंबलाय असं आम्ही धरलं असतं, पण रानाचे मालक वाकून नळीखाली बोट फिरवत म्हणाले, "इथं नाही पडत, पुढं पडतंय." त्यांनी खिशातला सुतळीचा तुकडा काढून ड्रिपरच्या दोन्ही अंगांना नळीभोवती एकेक गाठ मारली. पाणी गाठीशी अडलं, सुतळीवरून ओघळलं आणि ग्लासात पडू लागलं. ती सुतळी पटकथेत नव्हती, आता आहे, आणि तिला स्वतंत्र दृश्य आहे. ती नसेल तर ही मोजणी करणारा माणूस चांगल्या ड्रिपरला उगाच नावं ठेवील.

ग्लास ठेवायला नळी उचलायची नाही, खाली मूठभर खड्डा करायचा. मोटर सुरू केल्या केल्या मोजायचं नाही, नळीतली हवा निघून दाब ठरायला दहा-पंधरा मिनिटं द्यायची. आणि सगळे ग्लास एका मापाचे हवेत, कारण पुढे ते एका फळीवर शेजारी शेजारी मांडायचे आहेत. एक ग्लास रुंद आणि एक उभट असेल तर पातळी फसवते. फवारणीचं औषध मोजायचं माप यासाठी वापरू नये, हेही निवेदनात घातलं. ते चांगलं मोजतं म्हणून हमखास तेच उचललं जातं, आणि मग मोजलेलं पाणी कुणीतरी सवयीने पिऊन टाकतं.

आता सोळा ग्लासांकडे. ही पद्धत जुनी आहे, अभियंत्यांच्या पुस्तकांत ती १९७० च्या दशकापासून आहे. एका व्हॉल्व्हवर चालणाऱ्या प्लॉटमधल्या चार नळ्या निवडायच्या: पाणी जिथून येतं तिथली पहिली, सगळ्यात लांबची शेवटची, आणि मधल्या अंतरावरच्या दोन. प्रत्येक नळीवर चार जागा: सुरुवात, एक तृतीयांश अंतर, दोन तृतीयांश अंतर आणि टोक. चार चोक सोळा. एकाच माणसाने एकेक नळी करत फिरायचं ठरवलं तर घड्याळाचा घोळ होतो, म्हणून आम्ही चार जण चार नळ्यांवर उभे केले. घरातलीच माणसं, त्यात शाळकरी मुलगी एक. "लाव" म्हटलं की ग्लास लावायचा, "काढ" म्हटलं की काढायचा, आणि पुढच्या जागेवर जायचं. मुलीने सगळ्यांत काटेकोर काम केलं. मोठे लोक ग्लास भरत आला की दोन सेकंद जास्त थांबत होते, बिचाऱ्या ड्रिपरला पास करायला.

त्या प्लॉटमध्ये जे आकडे आले ते सांगतो. ड्रिपर ४ लिटरचे, म्हणजे प्रत्येक ग्लासात २०० मिली अपेक्षित. पहिल्या नळीवर २००, २००, १९५, १९५. दुसरीवर २००, २००, १९५, १८५. तिसरीवर २००, १९५, १८०, १५०. आणि शेवटच्या नळीवर १९५, १७०, १३५, ८५. शेवटचा तो ८५ चा ग्लास फळीवर ठेवला तेव्हा मालक काही बोलले नाहीत, त्यांनी तो उचलून उन्हात धरला, पुन्हा ठेवला. हा क्षण कॅमेऱ्यात आलाय. त्याच्यावर निवेदन लिहायचं मी टाळलं.

पुस्तकात यावरून एक टक्केवारी काढतात. सगळ्या सोळांची सरासरी काढायची, इथे ती १८० येते. सगळ्यांत कमी भरलेले चार ग्लास वेगळे काढून त्यांची सरासरी काढायची, इथे ८५, १३५, १५० आणि १७० मिळून १३५. मग १३५ ला १८० ने भागलं की पंच्याहत्तर टक्के. नव्वदच्या वर उत्तम, ऐंशीच्या वर चालेल, सत्तरच्या खाली गेलं की काम काढायलाच हवं, असा ढोबळ निवाडा. हा भाग फिल्ममध्ये ठेवावा की नाही यावर मी बराच विचार केला. शेवटी टक्केवारी काढून टाकली आणि "सगळ्यांत रिकामे चार ग्लास बाजूला काढा" एवढं ठेवलं. ते चार ग्लास कुठून आले हे बघितलं की टक्क्यांपेक्षा जास्त कळतं.

कारण रोग ओळखायचा तो जागेवरून. सगळेच ग्लास सारखे कमी भरले असतील तर दुखणं नळीत नाही, वर फिल्टरपाशी किंवा पंपापाशी आहे. नळ्यांची टोकंच कमी असतील तर तिथे गाळ बसलाय किंवा तिथवर दाब पोचत नाही. कमी ग्लास कुठेही, कसेही विखुरलेले असतील, एक भरलेला आणि शेजारचा निम्मा, तर एकेक ड्रिपर तुंबतोय. आणि एखादा ग्लास २०० च्या वर गेला असेल तर त्याच्याकडेही बघायचं. आमच्या सोळांत तसा नव्हता, पण शेजारच्याच नळीवर एका ड्रिपरने ३२० मिली दिलं. मालकांनी लगेच सांगितलं की तो त्यांनी मागे काट्याने टोकरून मोकळा केला होता. बाभळीचा काटा, टाचणी, सुई, प्रत्येक रानात काहीतरी असतंच, आणि टोकरल्यावर पाणी धो धो आलं की माणसाला काम झाल्यासारखं वाटतं.

काट्याने काय होतं ते दाखवायला आम्ही एक ड्रिपर ब्लेडने उभा चिरला. हे दृश्य बघताना प्रत्येक वेळी लोक पुढे वाकतात. बाहेरून एक भोक दिसतं, आत मात्र नागमोडी, दातेरी वाट आहे. पाण्याने त्या वळणांत आपटत आपटत जोर घालवावा आणि थेंब होऊन बाहेर पडावं अशी ती रचना. इस्रायलमधले अभियंते सिम्खा ब्लास यांनी ठिबकचा जो ड्रिपर काढला त्याचं मर्म हेच होतं: बारीक छिद्राने पाणी अडवण्याऐवजी लांब वाटेने त्याला दमवायचं, म्हणजे वाट थोडी रुंद ठेवता येते आणि ती लवकर तुंबत नाही. १९६५ मध्ये हात्झेरिमच्या किबुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक शेतीच्या वसाहतीत, त्याच्या उत्पादनासाठी कंपनी सुरू झाली. आजच्या ड्रिपरची वाट वेगळी दिसते, पण तत्त्व तेच आहे. काटा तोंडाचं भोक मोठं करतो, वळणांतली घाण तिथेच राहते. नळीच्या आतच बसवलेला ड्रिपर असेल तर काटा त्या वाटेपर्यंत नीट पोचतही नाही, नुसती नळी फाटते.

इथेच एक शंका हमखास येते, चित्रीकरणातही आली. ड्रिपरची वाट साधारण एक मिलिमीटरची, मग फिल्टरची जाळी त्याच्या कितीतरी पट बारीक, १२० मेशची, म्हणजे मिलिमीटरच्या साधारण आठव्या भागाएवढ्या भोकांची कशाला? एवढी बारीक जाळी सारखी धुवावी लागते, जरा मोठी घातली तर? त्याचं उत्तर असं की ड्रिपर सहसा एका मोठ्या कणाने तुंबत नाही. जत्रेच्या दारात एकेक माणूस सहज जातो, पण पाच-सहा जण एकदम घुसले की खांद्याला खांदा लागून सगळेच अडकतात, तसे बारीक कण एकमेकांना टेकून कमान करतात. म्हणून जाळीचं भोक वाटेच्या सातव्या ते दहाव्या हिश्शाएवढं ठेवतात. आम्ही हे कोरडी वाळू आणि कापलेली बाटली घेऊन दाखवलं. बाटलीच्या तोंडातून प्रत्येक कण सहज जाईल एवढा होता, तरी वाळू मूठभर एकदम ओतली की थांबायची, टिचकी मारली की पुन्हा वाहायची. त्यानंतर मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

मग नळ्या धुतल्या. धुणं म्हणजे टोकाची टोपी काढून पाणी सोडून देणं, हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तरी बहुतेक जण ते अशा रीतीने करतात की गाळ जागचा हलत नाही. सगळ्या नळ्यांची टोकं एकदम उघडली की पाणी सगळीकडे वाटलं जातं, कुठल्याच नळीत जोर राहत नाही, गढूळपणा तेवढा निघून जातो आणि खाली बसलेला चिखल बसूनच राहतो. आधी सबमेन, म्हणजे सगळ्या नळ्यांना पाणी पुरवणारी मोठी नळी, तिच्या टोकाचा व्हॉल्व्ह उघडून धुवायची, नाहीतर तिच्यातला गाळ धुतलेल्या नळ्यांत जातो. मग नळ्या थोड्या थोड्या उघडायच्या. किती थोड्या? इथे आम्हाला मोजायची बादली सापडली. १६ मिलिमीटरच्या नळीत गाळ उचलायला जो वेग लागतो त्या वेगाने टोकातून मिनिटाला अडीच-तीन लिटर पाणी बाहेर पडतं. बादली लावा, मिनिट मोजा. तीन लिटर येत असेल तर ठीक, कमी येत असेल तर एक-दोन टोकं बंद करा आणि पुन्हा मोजा.

बादली पांढरी घेतली होती, मुद्दाम. पहिल्या लोटात जे आलं ते बघून आमचा कॅमेरामन दोन पावलं मागे सरकला. काळपट तपकिरी पाणी, त्यात हिरव्या लाळेसारखे धागे, आणि कुजलेल्या पानांसारखा वास. मालकांच्या आईंनी तो गाळ चिमटीत घेऊन चोळून बघितला आणि त्यांचं म्हणणं आम्ही तसंच ठेवलं: "खरखरीत लागतंय ती वाळू. आणि हे बुळबुळीत, हे शेवाळ." ही चिमटीची तपासणी खरंच कामाची आहे. खरखरीत असेल तर फिल्टर बघायचा. बुळबुळीत असेल तर जिवंत घाण आहे, तिला क्लोरीनची प्रक्रिया लागते. ड्रिपरच्या तोंडावर पांढरा कडक थर असेल आणि त्यावर आम्लाचा थेंब टाकल्यावर फसफसलं, तर तो चुन्याचा थर, त्याला आम्ल प्रक्रिया.

आम्ल प्रक्रिया कशी करायची ते मात्र या फिल्ममध्ये नाही, आणि ती नसण्यावर मी ठाम राहिलो. किती आम्ल लागेल हे त्या त्या पाण्यावर ठरतं, आधी बादलीभर पाण्यात थोडं थोडं घालून, आम्लता दाखवणाऱ्या पीएच कागदाने बघत ते काढावं लागतं. एका विहिरीचा आकडा पडद्यावर दिला की तो शंभर विहिरींवर वापरला जाणार. दोन वाक्यं तेवढी घातली, कारण ती न सांगता पुढे जाणं बरं वाटेना: आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, आम्लावर पाणी कधी ओतायचं नाही, आणि क्लोरीन व आम्ल एकत्र आणायचं नाही, त्यातून विषारी वायू निघतो.

फिल्टरपाशी थोडंच थांबलो. फिल्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन दाबमापक असतात. फिल्टर धुतल्या धुतल्या दोन्हींतला फरक लिहून ठेवायचा, आणि तो वाढत अर्ध्या किलोपर्यंत जायच्या आत पुन्हा धुवायचा. इथे एक फसवी गोष्ट आहे. फरक एकदम नाहीसा झाला, दोन्ही काटे सारखे दिसायला लागले, तर लोक खूश होतात. जाळी फाटल्यावरही काटे सारखेच दिसतात, आणि मग सगळी घाण बिनबोभाट नळ्यांत जाते. या रानातली जाळी फाटलेली नव्हती, पण तिच्या कडेचा रबरी वायसर दबून गेला होता आणि पाणी जाळीला वळसा घालून जात होतं. वाळू तिथून येत होती.

धुऊन झाल्यावर पुन्हा ग्लास लावले. चारही नळ्यांची टोकं आता १९५, १९०, १७०, १४०. म्हणजे ८५ चे १४० झाले. आमच्याबरोबरच्या बहुतेकांना फिल्म इथे संपवावी असं वाटत होतं, सुधारणा तर डोळ्यांना दिसत होती. पण मालक त्या १४० कडे बोट दाखवून म्हणाले, "हे अजून साठ कमीच आहे की." बरोबर होतं. धुतलेली नळी, स्वच्छ ड्रिपर, आणि तरी कमी. मग टोकाला दाबमापक लावला. प्लॉटच्या तोंडाशी एक किलो दाब होता, शेवटच्या नळीच्या टोकाला अर्धा किलो. साध्या ड्रिपरमध्ये दाब निम्मा झाला की पाणी निम्मं होत नाही, साधारण सत्तर टक्क्यांवर येतं. २०० चे सत्तर टक्के १४०. ग्लास अगदी बरोबर सांगत होता. (दाब कमी-जास्त झाला तरी ठरावीक मर्यादेत सारखंच पाणी देणारे ड्रिपर असतात, त्यांना हा हिशेब लागू नाही. तिथे टोकाचा ग्लास कमी भरला तर आधी घाणीचाच संशय घ्यावा.)

दाब का पडत होता, तेही मालकांनीच सांगितलं. ठिबक बसवलं तेव्हा हे रान लहान होतं, नंतर त्याच व्हॉल्व्हवर पुढे आणखी नळ्या जोडल्या गेल्या. सबमेन तीच, पंप तोच. आम्ही निम्म्या नळ्या मुडपून बांधून ठेवल्या आणि शेवटचा ग्लास पुन्हा लावला. १९० मिली. उपाय सोपा होता, प्लॉटचे दोन भाग करून मध्ये एक व्हॉल्व्ह घालायचा आणि पाणी दोन पाळ्यांत द्यायचं. पण "दोन पाळ्या" म्हटल्यावर मालकांचा चेहरा उतरला. मोटर दुप्पट वेळ चालवायची म्हणजे त्यांच्या दृष्टीने उपाय रोगापेक्षा वाईट.

मग त्यांनी कॅमेऱ्यासमोरच, बांधावर बसून, हिशेब मांडला. हा भाग पटकथेत कुणी लिहिलेला नव्हता. झाडाला ८ लिटर द्यायचे असतात. शेवटचा ग्लास ८५ चा होता तेव्हा शेवटच्या झाडाला तासाला १.७ लिटर मिळत होतं. ते झाड सुकतंय म्हणून ते मोटर पावणेपाच तास चालू ठेवत, तेव्हा कुठे त्याचे ८ लिटर व्हायचे, आणि तेवढ्या वेळात पहिल्या झाडाखाली जवळजवळ १९ लिटर ओतलं जायचं, त्यातलं खत मुळांच्या खाली वाहून जायचं. आता १९० च्या ग्लासाने तासाला ३.८ लिटर मिळणार, ८ लिटरला दोन तास सहा मिनिटं. दोन पाळ्या धरल्या तरी सव्वाचार तासांच्या आत काम उरकतं, आणि पहिल्या झाडाला साडेआठ लिटरपेक्षा जास्त जात नाही. "म्हणजे अर्धा तास वाचतोच की," ते म्हणाले, आणि व्हॉल्व्ह कुठे बसवायचा ते बघायला रानात उतरले. संकलकाने हा हिशेब कुठेही न कापता ठेवलाय. मात्र पडद्यावर आकडे येतात ते मालक बोलल्यानंतर, त्यांच्या आधी नाही.